बिटाचा रस, कलिंगड आणि ताठरता: नेमका किती फरक पडतो?

दक्षिण इटलीतल्या फोज्जा शहरातल्या मूत्ररोगतज्ज्ञांनी २०११ मध्ये एका छोट्या चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. तिच्यात २४ पुरुष होते, सरासरी वय साडेछप्पन्न. त्यांची तक्रार सौम्य होती. लिंगाला ताठरता येत होती, संबंधही जमत होता, पण पूर्वीचा कडकपणा उरला नव्हता. डॉक्टर अशा वेळी चार पायऱ्यांची एक साधी मोजपट्टी वापरतात. पहिल्या पायरीवर लिंग फुगतं पण कडक होत नाही. दुसऱ्या पायरीवर कडक होतं, पण संबंधापुरतं नाही. तिसऱ्या पायरीवर संबंधापुरतं कडक होतं, पण पूर्ण नाही. चौथी पायरी म्हणजे पूर्ण ताठरता. हे चोवीसही जण तिसऱ्या पायरीवर होते.

पहिला महिना त्यांना औषध नसलेल्या नुसत्या गोळ्या दिल्या. पुढचा महिना रोज दीड ग्रॅम सिट्रुलिन दिलं. कलिंगडात भरपूर सापडणारा हा घटक. नुसत्या गोळ्यांवर दोघे जण तिसऱ्या पायरीवरून चौथ्या पायरीवर गेले, सिट्रुलिनवर बारा जण.

ही चाचणी लहान होती, सगळ्यांना आधी नुसती गोळी आणि मग खरी असाच क्रम होता, आणि कोणत्या महिन्यात काय दिलं जातंय हे डॉक्टरांना माहीत होतं. तेव्हा तिच्यावर मोठी इमारत उभी करता येणार नाही. तरीही या विषयात तिच्याइतका उपयोगी आकडा दुसरा नाही, कारण अपेक्षा कुठवर ठेवावी हे तिच्यातून कळतं. सौम्य तक्रार असलेल्यांपैकी काहींना एक पायरी वर नेण्यापुरता हा मार्ग उपयोगी पडू शकतो. जे पहिल्या किंवा दुसऱ्या पायरीवर आहेत, त्यांच्याबद्दल ही चाचणी काहीच सांगत नाही.

आता या सगळ्याच्या मुळाशी असलेला वायू पाहू. नायट्रिक ऑक्साइड आपल्या शरीरातच तयार होतो आणि काही सेकंदांत नाहीसा होतो. रक्तवाहिनीच्या आतल्या अस्तरातून तो बाहेर पडला, की तिच्या भिंतीतले स्नायू सैल पडतात, वाहिनी रुंदावते आणि जास्त रक्त वाहू लागतं. या शोधासाठी रॉबर्ट फर्चगॉट, लुईस इग्नॅरो आणि फेरिड मुराद यांना १९९८ चं नोबेल मिळालं. ताठरतेतही हाच वायू काम करतो. कामोत्तेजना झाली, की लिंगातल्या मज्जातंतूंच्या टोकांमधून तो सुटतो. तिथल्या स्पंजासारख्या भागातले स्नायू सैल होतात, रक्त आत भरतं आणि भरलेल्या भागाच्या दाबाने बाहेर जाणाऱ्या शिरा दाबल्या जातात. आत आलेलं रक्त अडकून राहतं. ताठरता म्हणजे हे अडकलेलं रक्त.

यातली एक गोष्ट पुढच्या सगळ्या हिशेबासाठी महत्त्वाची आहे. ही साखळी सुरू होते ती मज्जातंतूंच्या इशाऱ्याने. इशारा पोचलाच नाही, किंवा वायू बनवणारं अस्तरच खराब झालं असेल, तर कच्चा माल कितीही पुरवला तरी उत्पादन फारसं वाढत नाही. बीट आणि कलिंगड पुरवतात तो कच्चा माल. सिल्डेनाफिलची, म्हणजे व्हायग्रा या नावाने प्रसिद्ध झालेली गोळी उलट्या बाजूने काम करते. नायट्रिक ऑक्साइडमुळे पेशींत जो संदेश तयार होतो, तो मोडून टाकणाऱ्या एन्झाइमला ती अडवते. टाकीत पाण्याची धार थोडी वाढवणं आणि तळाची गळती बुजवणं यांत जितका फरक, तितका या दोहोंत आहे. १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकी चाचणीत गोळी घेणाऱ्यांचे शंभरातले ६९ प्रयत्न यशस्वी झाले, नुसती गोळी घेणाऱ्यांचे २२. कोणत्याही फळाने किंवा भाजीने या आकड्याच्या जवळपासही मजल मारलेली नाही.

‘कलिंगड म्हणजे नैसर्गिक व्हायग्रा’ ही बातमी जगभर पसरली २००८ मध्ये. टेक्सास ए अँड एम विद्यापीठातल्या भीमू पाटील यांनी कलिंगडातल्या सिट्रुलिनबद्दल केलेल्या विधानाला वर्तमानपत्रांनी मथळ्यात बसवलं. मूळ शास्त्र चुकीचं नव्हतं. अस्तरातलं एन्झाइम नायट्रिक ऑक्साइड बनवतं ते आर्जिनिन नावाच्या अमिनो आम्लापासून. मग थेट आर्जिनिनच का खाऊ नये? कारण त्यातला मोठा भाग आतड्यात आणि यकृतातच मोडतो. सिट्रुलिन मात्र यकृतातून सुखरूप सुटतं, मूत्रपिंडात पोचतं आणि तिथे त्याचं आर्जिनिन होतं. म्हणजे रक्तातलं आर्जिनिन वाढवायचा हा आडमार्ग सरळ मार्गापेक्षा भरवशाचा आहे.

अडचण येते ती प्रमाणात. कलिंगडाच्या लाल गरात किलोमागे साधारण १.९ ग्रॅम सिट्रुलिन सापडतं. जात, पीक, पिकलेपणा यांनुसार हे बरंच कमीजास्त होतं, पण हिशेबाला हा आकडा धरू. फोज्जाच्या चाचणीतले रोजचे दीड ग्रॅम मिळवायचे तर रोज जवळपास ८०० ग्रॅम गर खायला हवा. साल वजा जाता रोज सुमारे दीड किलोचं कलिंगड. उन्हाळ्यात एखादा माणूस हे हौसेने करेलही, पण त्या ८०० ग्रॅममध्ये साखर असते सुमारे ५० ग्रॅम, म्हणजे दहा चमचे. फळाची असली तरी ती साखरच.

सालीखालच्या पांढऱ्या भागाबद्दलही एक समज फिरतो, की खरा खजिना तिथेच आहे. वाळवून मोजलं तर त्यात सिट्रुलिन लाल गरापेक्षा जास्त भरतं, हे बरोबर. पण आपण ते वाळवून खात नाही. ताज्या वजनावर मोजलं तर ते किलोमागे सुमारे १.३ ग्रॅम, लाल गरापेक्षा कमीच. पांढऱ्या भागाचा फायदा वेगळा आहे, त्यात साखर फार थोडी असते. तो किसून थालीपिठात घालणारी, भाजी करणारी घरं आपल्याकडे आहेतच. मधुमेह असलेल्याला कलिंगडातून सिट्रुलिन हवं असेल तर हा भाग लाल गरापेक्षा बरा.

बिटाची वाट पूर्णपणे वेगळी आहे, आणि मला ती शरीरातल्या सगळ्यात नवलाच्या वाटांपैकी एक वाटते. बिटात आर्जिनिनचं किंवा सिट्रुलिनचं काम नाही, नायट्रेटचं आहे. रस पोटात गेला, की नायट्रेट रक्तात शोषलं जातं. त्यातलं साधारण पाव भाग लाळग्रंथी उचलतात आणि पुन्हा तोंडात सोडतात. जिभेच्या मागच्या भागावर राहणारे जंतू त्या नायट्रेटचं नायट्राइट करतात. हे काम माणसाच्या पेशींना नीटसं येत नाही, त्यासाठी जंतूच लागतात. मग आपण ती लाळ गिळतो, नायट्राइट पोटातून रक्तात जातं आणि जिथे प्राणवायू कमी पडतो तिथे त्याचं नायट्रिक ऑक्साइड होतं. मघाचं एन्झाइम या वाटेत लागत नाही. अस्तर काहीसं थकलेलं असलं तरी ही वाट चालू राहते, म्हणून संशोधकांना तिच्याबद्दल आशा वाटते.

लंडनच्या क्वीन मेरी विद्यापीठात अमृता अहलुवालिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ही वाट फार नेटकेपणाने दाखवून दिली. २००८ च्या प्रयोगात निरोगी माणसांना अर्धा लिटर बिटाचा रस दिल्यावर अडीच-तीन तासांत वरचा रक्तदाब सुमारे १० अंकांनी उतरला. पण रस पिऊन लाळ गिळायच्या ऐवजी थुंकायला सांगितली, तेव्हा हा परिणाम झालाच नाही. २०१५ मध्ये याच गटाने उच्च रक्तदाबाच्या ६८ रुग्णांवर चाचणी केली. रोज २५० मिलिलिटर रस, चार आठवडे. वरचा दाब साडेसात अंकांच्या आसपास उतरला आणि रक्तवाहिन्यांच्या रुंदावण्याच्या क्षमतेतही सुधारणा दिसली. जंतुनाशक माउथवॉशने जिभेवरचे जंतू मारले तर तोंडात नायट्राइट बनणं जवळपास थांबतं आणि रक्तदाब किंचित चढतो, हेही त्यांनी दाखवलं.

रक्तदाबाबद्दल असा ठोस पुरावा आहे. ताठरतेबद्दल बिटाच्या रसाच्या नावावर इतकी भक्कम चाचणी नाही. ‘रक्त चांगलं वाहतं, म्हणजे तिथेही वाहत असणार’ हा तर्क आहे. तो वेडगळ नाही, पण तर्क आणि पुरावा यांच्यात अंतर असतं. डाळिंबाच्या रसाबद्दल हाच तर्क होता. अमेरिकेत ५३ पुरुषांवर त्याची रीतसर चाचणी २००७ मध्ये प्रसिद्ध झाली. रस आणि रसासारखं दिसणारं पेय, प्रत्येकी चार आठवडे. कल रसाच्या बाजूने दिसला, पण तो योगायोग नाही असं म्हणण्याइतका फरक निघाला नाही. डाळिंब खाऊ नये असा याचा अर्थ नाही. ताठरतेचं औषध म्हणून सोलापूरची डाळिंबं विकत घ्यावीत, एवढं मात्र ही चाचणी सांगत नाही.

हे सगळं एका माणसावर बसवून पाहू. समजा, बावन्न वर्षांचे एक गृहस्थ आहेत. वजन ८४ किलो, पोट सुटलेलं, दिवसभर बसून काम. तीन महिन्यांची सरासरी साखर, म्हणजे एचबीए१सी, ७.४. रक्तदाब १४२ वर ९०. जेवणानंतर तंबाखूची चिमूट. वर्षभरापासून ताठरता तिसऱ्या पायरीवर अडकलेली, कधीकधी दुसऱ्या. कुणीतरी सांगितलं म्हणून रोज सकाळी चालून आल्यावर रसाच्या गाडीवर बीट, गाजर, सफरचंद असा ग्लास घेतात. दुपारी उकडलेल्या बिटाची कोशिंबीर. रात्री झोपताना दातांच्या डॉक्टरांनी कधीतरी लिहून दिलेल्या जंतुनाशक माउथवॉशने चूळ. दोन महिने झाले, फरक नाही.

कुठे काय घडतंय? कच्च्या बिटात १०० ग्रॅममागे साधारण १०० ते २५० मिलिग्रॅम नायट्रेट असतं. जमीन, खत, ऊन यांवर ते ठरतं, आणि बिटाचा रंग पाहून काही कळत नाही. लंडनच्या चाचणीत रोज सुमारे ४०० मिलिग्रॅम दिलं होतं, म्हणजे दोन ते चार मध्यम बिटांचं. गाडीवरच्या ग्लासात बहुतेक वेळा एकच बीट असतं, बाकी गाजर, सफरचंद, पाणी आणि बर्फ. त्यातून हाती लागतं ते चाचणीतल्या मात्रेच्या तिसऱ्या-चौथ्या हिश्शाएवढं. उकडलेल्या बिटातलं बरंचसं नायट्रेट पाण्यात उतरतं आणि ते लाल पाणी मोरीत जातं. जे उरलं ते तोंडात पुन्हा आलं, तरी माउथवॉशमुळे ते नायट्राइट करायला जिभेवर पुरेसे जंतू नाहीत. रसात आलेली गाजर-सफरचंदाची साखर मात्र पूर्ण पोचली.

हे सगळं सुधारता येतं. माउथवॉश दातांच्या डॉक्टरांना विचारून बंद करता येईल, नुसतं घासणं आणि जीभ हलकी साफ करणं पुरतं. बीट कच्चं किसून किंवा त्याचा रस, दुसरं फळ न मिसळता, २५० मिलिलिटरपर्यंत. नायट्रेट फक्त बिटातच असतं असंही नाही. पालक, माठ, मुळ्याचा पाला, कोथिंबीर या पालेभाज्यांत ते भरपूर असतं आणि साखर जवळजवळ नसते. मधुमेह्यासाठी रसापेक्षा पालेभाज्यांची वाट जास्त समंजस. भाजी उकडून पाणी फेकायचं नाही, त्याच पाण्यात शिजवायची.

पण समजा या गृहस्थांनी हे सगळं काटेकोर केलं. मग किती सुधारेल? मला वाटतं, थोडंच. कारण त्यांचा खरा अडथळा कच्च्या मालाचा नाही. साखरेने अस्तर आणि मज्जातंतू दोन्ही कुरतडले जातात. तंबाखूतलं निकोटिन रक्तवाहिन्या आवळतं. पोटावरची चरबी पुरुषी संप्रेरक कमी करते. हे चालू असताना नायट्रेट वाढवलं, तर सुधारणा होईलच असं नाही, आणि झाली तर ती पायरीच्या अंशाची असेल. या अडथळ्यांवर काम केलं तर काय होतं, तेही मोजलं गेलंय. नेपल्समध्ये ११० लठ्ठ पुरुषांवर दोन वर्षांची चाचणी झाली, २००४ मध्ये ती प्रसिद्ध झाली. त्या सगळ्यांना ताठरतेची तक्रार होती, पण मधुमेह किंवा उच्च रक्तदाब नव्हता. अर्ध्यांना नुसती सर्वसाधारण माहिती दिली. उरलेल्यांना आहार कमी करण्याचं आणि चालण्याचं सविस्तर, वैयक्तिक मार्गदर्शन केलं. दोन वर्षांनी दुसऱ्या गटातल्या ५५ पैकी १७ जणांची ताठरता पुन्हा सामान्य झाली, पहिल्या गटात ३ जणांची. त्यांना रोज बिटाचा रस प्यायला लावलेला नव्हता.

मग बीट-कलिंगडाला जागा कोणती? माझ्या मते एकच, पण ती खरी आहे. तक्रार सौम्य आहे, तिसऱ्या पायरीची आहे, वय चाळिशी-पन्नाशीचं आहे, रक्तदाब थोडा चढा आहे आणि वजन-साखर-तंबाखूवर काम सुरू झालेलं आहे, अशा माणसाने चार आठवडे प्रयोग करून पाहावा. कमी दिवसांत काही कळणार नाही, आणि चार आठवड्यांत काहीच न दिसलं तर पुढे ओढण्यात अर्थ नाही. मोजायचं कसं? एकेका प्रसंगावरून नाही, कारण थकवा, भांडण, दारू यांनी एखादा प्रसंग सहज बिघडतो. रोज पहाटे जाग आल्यावर ताठरता आहे का आणि ती कितव्या पायरीची, एवढंच वहीत लिहावं. पहाटेची ताठरता मनाच्या ताणावर कमी अवलंबून असते. शिवाय तिच्यावरून आणखी एक गोष्ट उमगते. पहाटे पूर्ण ताठरता येत असेल आणि जोडीदारासोबतच अडत असेल, तर रक्तप्रवाह पुरेसा आहे. अशा वेळी बीट निरुपयोगी आहे, बोलण्याची आणि समुपदेशनाची गरज आहे.

काही जणांनी हा प्रयोग विचारून करावा, काहींनी करूच नये. बिटात ऑक्झलेट भरपूर असतं. मुतखडे होऊन गेलेल्यांनी रोजचा रस टाळलेला बरा. मूत्रपिंड कमजोर असेल तर बीट आणि कलिंगड दोन्हींतलं पोटॅशियम अंगावर येऊ शकतं. रक्तदाबाची गोळी चालू असताना रोज रस सुरू केला तर उठताना चक्कर येऊ शकते, तेव्हा दाब मोजत राहावा. आणि लघवी किंवा शौच गुलाबी-लाल दिसली तर घाबरू नये. काही लोकांत बिटाचा रंग तसाच उतरतो. बीट बंद केल्यावर एक-दोन दिवसांत तो गेला नाही, तर मात्र रक्त आहे का हे तपासायला हवं.

त्याहून गंभीर गोष्ट आहे ती दुकानात आणि ऑनलाइन मिळणाऱ्या ‘संपूर्ण आयुर्वेदिक’ शक्तिवर्धकांची. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने अशा ‘नैसर्गिक’ उत्पादनांत वर्षानुवर्षं लपवलेलं सिल्डेनाफिल पकडलं आहे. जिभेखाली ठेवायची सॉर्बिट्रेटसारखी नायट्रेटची गोळी छातीत दुखणाऱ्या माणसाला दिलेली असते. ती आणि सिल्डेनाफिल एकत्र पडली तर रक्तदाब कोसळून जीव जाऊ शकतो. भाजीतलं नायट्रेट आणि ही गोळी एक नाहीत, बिटाच्या कोशिंबिरीने असं होत नाही. पण ज्याच्या खिशात ती गोळी आहे, त्याने शक्तीच्या नावाखाली विकलं जाणारं कुठलंही चूर्ण घेऊ नये. आणि हृदयाच्या डॉक्टरांना ताठरतेबद्दलही स्पष्ट सांगावं.

ते सांगण्याचं आणखी एक कारण आहे. लिंगातल्या रोहिणी एक-दोन मिलिमीटर रुंदीच्या असतात, हृदयाच्या तीन-चार मिलिमीटरच्या. अस्तर बिघडून वाहिन्या अरुंद होऊ लागल्या, की आधी त्रास दिसतो तो लहान वाहिनीत. हृदयविकाराच्या अनेक रुग्णांत ताठरतेची तक्रार छातीतल्या दुखण्याच्या दोन ते पाच वर्षं आधी सुरू झालेली आढळते. म्हणून चाळिशी-पन्नाशीत ही तक्रार नव्याने सुरू झाली, तर चार आठवड्यांचा बिटाचा प्रयोग संपायची वाट पाहू नये. त्याच आठवड्यात रक्तदाब, उपाशीपोटीची साखर, एचबीए१सी आणि कोलेस्टेरॉल तपासून घ्यावं, चालताना धाप लागते का, छातीत भरून येतं का हे डॉक्टरांना सांगावं. रस सोबत चालू ठेवायला हरकत नाही.